साठ हजारांत जर्मन: ॲप, बॅच की खाजगी शिकवणी?

प्रश्न: मी सांगलीत स्टाफ नर्स आहे, जीएनएम, चार वर्षांचा अनुभव. जर्मनीत नोकरीला जायचंय. पाच महिने झाले, मोबाईलवर ॲपने जर्मन शिकतेय, १५० दिवसांची स्ट्रीक आहे. परवा एका मैत्रिणीने जर्मनमध्ये "आजचा दिवस कसा गेला" एवढंच विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ड्युटी तीन पाळ्यांत असते. परीक्षेची फी बाजूला ठेवून माझ्याकडे ६० हजार आहेत. ॲपच चालू ठेवू, ऑनलाइन बॅच लावू, की खाजगी शिक्षक बघू?

उत्तर:

मैत्रिणीसमोर गप्प झालात ते बरंच झालं. तेच परीक्षेच्या खोलीत झालं असतं तर महागात पडलं असतं. मी पुण्यात १७ वर्षं जर्मन शिकवते, निम्मा वेळ बॅचना आणि निम्मा एकेकट्यांना. त्यामुळे दोन्हीकडच्या खोड्या मला माहीत आहेत. ॲपशी माझं भांडण नाही, माझे निम्मे विद्यार्थी तिथूनच येतात.

तुमची अडचण "तिन्हींतलं चांगलं कोणतं" ही नाही. पाच महिन्यांत तुम्ही जर्मन ओळखायला शिकलात, तयार करायला शिकला नाहीत. ॲपमध्ये वाक्य जुळवताना शब्दांच्या चकत्या समोर असतात. डेर, डी आणि दास यांपैकी योग्य तो आर्टिकल त्या चकत्यांतच पडलेला असतो, तुम्ही फक्त तो उचलता. मैत्रिणीने प्रश्न विचारला तेव्हा चकत्या नव्हत्या. शब्द, त्याचं लिंग, क्रियापदाची जागा, सगळं स्वतःच्या डोक्यातून काढायचं होतं, आणि त्याचा सराव एक दिवसही झालेला नव्हता.

दुसरी गोष्ट मराठी माणसासाठी जास्त महत्त्वाची आहे. बहुतेक ॲप्स इंग्रजीतून जर्मन शिकवतात, आणि काही ठिकाणी इंग्रजी आपल्याला उगाच आडवाटेला नेते. "मला थंडी वाजते" हे जर्मनमध्ये "मिर इस्ट काल्ट" होतं. मिर म्हणजे मला, अगदी आपल्यासारखंच. पण डोकं इंग्रजीतून चाललं की तोंडात येतं "इश बिन काल्ट", आणि त्याचा अर्थ "मी थंड स्वभावाची आहे" असा काहीतरी होतो. तुमच्या कामातलंच उदाहरण घ्या. पेशंट म्हणाला "मिर इस्ट श्लेश्ट", तर त्याला मळमळतंय, "मी वाईट आहे" असं तो म्हणत नाही. आपल्याकडे "मला मळमळतंय" म्हणतात, म्हणून मराठीतून समजावलं तर हे एका मिनिटात बसतं. उलटा फटकाही आहे. "मला ताप आहे" ह्या सवयीने विद्यार्थी "मिर इस्ट फीबर" म्हणतात. तिथे मात्र "इश हाबे फीबर", म्हणजे "माझ्याकडे ताप आहे" असंच म्हणावं लागतं. कुठे मराठी मदतीला येते आणि कुठे पाय ओढते, हे तुमची चूक ऐकणारं माणूसच सांगू शकतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. समजावून सांगणं आता जवळजवळ फुकट मिळतं. जर्मनच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. डॉइच वेले ह्या जर्मन प्रसारण संस्थेचा ए१ पासून बी१ पर्यंतचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, यूट्यूबवर व्याकरणाचे ढीगभर व्हिडिओ आहेत. पैसे द्यायचे ते दुरुस्तीला, आणि ठरावीक वेळी तोंड उघडायला भाग पाडणाऱ्या व्यवस्थेला. तुमचे साठ हजार ह्याच कसोटीवर वाटायचे.

त्याआधी एक छोटी तपासणी करा. फोनचा रेकॉर्डर लावा आणि कालच्या ड्युटीबद्दल दोन मिनिटं जर्मनमध्ये बोला. कागद नको, शब्दकोश नको. मग ८० शब्दांचा एक मेल लिहा: तुम्हाला ताप आहे, सहकारी मैत्रिणीने तुमची पाळी घ्यावी अशी विनंती. दोन्ही गोष्टी दोन दिवसांनी पुन्हा बघा. दोन मिनिटांतली दीड मिनिटं शांतताच असेल, तर सरावाची उपासमार आहे आणि त्यावर इलाज म्हणजे बॅच, कारण तिथे आठवड्यातून ठरल्या वेळी बोलावंच लागतं. धडाधड बोलताय पण "हॉयटे इश हाबे" अशी वाक्यं येतायत, तर दुरुस्ती हवी आणि इथे खाजगी शिक्षकाचा एकेक तास सोन्याचा. (बरोबर वाक्य "हॉयटे हाबे इश". आज हा शब्द पुढे आला की क्रियापद दुसऱ्या जागी उडी मारतं आणि मी मागे जातो. मराठीत तसं होत नाही, म्हणून ही चूक आपल्याकडे बी२ पर्यंत चिकटून राहते.) आणि बोलायला शब्दच नाहीत, लिंग आठवत नाही, अनेकवचन माहीत नाही असं असेल, तर ते काम ॲपचं आणि शब्द पाठ करायच्या कार्डांचंच आहे. त्यासाठी माणसाला तासाचे पैसे देणं म्हणजे डॉक्टरकडून थर्मामीटर धुवून घेणं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिला प्रकार दिसतो, थोडा तिसराही असणार.

आता ध्येय. हेच उत्तर मी सगळ्यांना देत नाही. फॅमिली व्हिसासाठी फक्त ए१ हवंय अशा कुणी विचारलं असतं, तर मी आधी म्हटलं असतं की जोडीदाराकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा परवाना, असेल तर व्हिसासाठी ए१ ची अट लागू होत नाही, दूतावासाचं पान नीट वाचा, कदाचित परीक्षेचे पैसेच वाचतील. इंग्रजी माध्यमात एमएस करायला जाणाऱ्या मुलाला मी बहुतेक वेळा ॲप आणि एक ए१ ची बॅच एवढंच सांगते. हौस म्हणून शिकणाऱ्या काकांना ॲप पुरतं, आणि स्ट्रीकचा आनंद त्यांच्याकडून मी कशाला काढून घेऊ?

तुमचं तसं नाही. नर्स म्हणून पात्रतेला पूर्ण मान्यता मिळवायला तिथे साधारणपणे बी२ लागतं. काही रुग्णालयं बी१ वर करार करतात आणि बी२ नंतर पूर्ण करून घेतात, काहींना आधीच बी२ हवं असतं. हे राज्य आणि मालक यांवर ठरतं, म्हणून शिकायला लागण्याआधीच ज्या मालकाशी किंवा एजन्सीशी बोलताय त्यांना लेखी विचारा: कोणती पातळी, कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र, गोएथे चालेल की टेल्क. टेल्कची नर्सिंगसाठी वेगळी बी१-बी२ परीक्षासुद्धा आहे. आपण गोएथेची तयारी करायची आणि मालकाला दुसरंच हवं असायचं, असं एकदा माझ्या विद्यार्थिनीचं झालंय. चूक माझीही होती, मी विचारायलाच सांगितलं नव्हतं.

परीक्षेत काय असतं ते थोडं सांगते, कारण शिकवणीची निवड तिथूनच ठरते. गोएथेच्या बी१ आणि बी२ मध्ये चार भाग असतात: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येक भाग १०० गुणांचा, प्रत्येकात ६० हवेत. एका भागात नापास झालात तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो. बी२ च्या लेखीत ७५ मिनिटांत दोन लेखनं असतात, एक किमान १५० शब्दांचं मत आणि एक किमान १०० शब्दांचा औपचारिक निरोप. बोलण्यात आधी एका विषयावर छोटं भाषण, मग चर्चा. ही चर्चा परीक्षकाशी नसते, समोरच्या दुसऱ्या उमेदवाराशी असते. बी१ मध्येसुद्धा दोघं मिळून काहीतरी बेत ठरवायचा असतो.

हा शेवटचा मुद्दा मी अधोरेखित करते, कारण केवळ खाजगी शिकवणीवर भरवसा ठेवणारे इथेच अडकतात. माझी एक विद्यार्थिनी दीड वर्ष माझ्याकडे एकटीच शिकली. माझ्याशी झकास बोलायची. परीक्षेत तिच्या समोर नागपूरचा एक मुलगा आला, भराभर बोलणारा, उच्चार वेगळे, चुका वेगळ्या. तिला त्याचं अर्धं कळलंच नाही. झालं असं होतं की दीड वर्षात मला तिचं मोडकं जर्मन कळायची सवय झाली होती आणि तिला माझं स्वच्छ, हळू जर्मन ऐकायची. ती अर्धं वाक्य बोलायची, उरलेलं मी मनातच पुरं करायची. दोघींना वाटत होतं प्रगती छान चाललीय. बोलण्याचा भाग तिला पुन्हा द्यावा लागला. तेव्हापासून एकट्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी परीक्षेच्या दोन महिने आधी कुठल्यातरी बॅचमध्ये बसवते.

हिशोबानेही केवळ खाजगी शिकवणी तुम्हाला परवडत नाही. माझ्यासारखे लोक ऑनलाइन तासाला ७०० घेतात, काही कमी, काही बरंच जास्त. ६०,००० भागिले ७००, म्हणजे ८५ तास. बी२ पर्यंतचा एकूण प्रवास, घरचा अभ्यास धरून, काही शे तासांचा असतो. ८५ तासांत मी तुम्हाला सगळं शिकवू शकणार नाही. पण तुमच्या चुका दुरुस्त करायला ह्याच्या अर्धे तासही भरपूर झाले.

आता बॅच. बॅच घेताना लोक फी बघतात, मी आधी मुंड्या मोजते. दीड तासाचा क्लास, वीस जण. शिक्षक एक शब्दही बोलला नाही असं धरलं तरी माणशी साडेचार मिनिटं, आणि शिक्षक बोलतातच. प्रत्यक्षात तुमच्या वाट्याला दोन मिनिटं. दहा-बारा जणांची बॅच असेल आणि शिक्षिका जोड्या पाडून वेगळ्या खोल्यांत बोलायला पाठवत असेल, तर तेच दीड तासात तुम्ही पंधरा-वीस मिनिटं बोलता. म्हणून प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. जोड्यांत बोलणं होतं का? आणि लिहिलेला गृहपाठ तपासून परत मिळतो का, किती दिवसांत? "हो हो, सगळं होतं" असं उत्तर आलं तर एक तपासलेला गृहपाठ दाखवा म्हणावं, नाव झाकून. ज्यांच्याकडे असतो ते लगेच दाखवतात.

पण तुमच्या बाबतीत बॅचची खरी कसोटी तुमची पाळी आहे. बहुतेक ऑनलाइन बॅच संध्याकाळी सात ते साडेआठ, सोम-बुध-शुक्र असतात, नोकरदारांसाठी. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र अशी तुमची फिरती पाळी मी धरून चालते. दुपारच्या पाळीत सात वाजता तुम्ही वॉर्डात असता. रात्रपाळीला साडेसातला घरातून निघता. म्हणजे तीनपैकी दोन आठवडे बुडाले. बारा आठवड्यांच्या बॅचमध्ये ३६ तासिका, तुम्ही बसणार १२. पैसे ३६ चे. रेकॉर्डिंग देतो म्हणतात, पण रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही बोलत नाही. म्हणजे ॲपसारखंच झालं, फक्त महाग.

तीच बॅच दुपारी अडीच ते चार असेल तर सकाळच्या पाळीनंतर जमतं, रात्रपाळीच्या आठवड्यात झोप काढून उठल्यावर जमतं, बुडतो फक्त दुपारच्या पाळीचा आठवडा. ३६ पैकी २४ झाल्या. आणि संस्थेकडे त्याच पातळीची दुसरी बॅच वेगळ्या वेळी चालू असेल आणि त्यात बसायची मुभा असेल, तर उरलेल्या १२ मधल्याही बऱ्याचशा भरून निघतात. फी हजार-दोन हजार जास्त असली तरी तुम्ही अशीच संस्था निवडावी असं मी म्हणेन. ए२ मध्ये भूतकाळाचा आठवडा बुडाला की पुढचं सगळं लंगडतं. गृहिणी, विद्यार्थी आणि तुमच्यासारखे पाळीवाले यांच्यासाठी दुपारच्या बॅच हल्ली बऱ्याच ठिकाणी निघतात, जरा शोधावं लागतं.

आता पैशांची मांडणी करू. फीचे आकडे मी माझ्या आसपासच्या खाजगी क्लासचे धरते. तुम्हाला वेगळे मिळाले तर तेवढा फरक करा. मोठ्या संस्थांची फी बरीच जास्त असते, तिथे हे गणित बसणार नाही.

ए१ ची बॅच पुन्हा लावू नका. पाच महिन्यांत तुम्हाला शब्द आलेत, वाक्यं ओळखू येतात, फक्त मध्ये भोकं आहेत: कर्माला लागल्यावर डेर चा डेन कधी होतो, मिर आणि मिश यांत काय फरक, क्रियापद कुठे बसतं. ही भोकं बुजवायला सहा खाजगी तास पुरतात, ४,२००. शिक्षकाला पहिल्या दिवशी तुमचं ते दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि मेल पाठवा म्हणजे भोकं शोधण्यात तास जाणार नाही. हे महिन्याभरात उरका.

मग ए२ ची बॅच, १५,००० धरू. त्यानंतर बी१ ची बॅच, १६,०००. इथवर ३५,२०० झाले. ह्या दोन पातळ्यांना मी बॅचच सांगते, कारण इथे वाक्याचा सगळा सांगाडा तयार होतो आणि त्याला नियमित ठोका लागतो. वाइल, म्हणजे "कारण", लावलं की जर्मनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. आपल्याला हे सोपं पडतं, मराठीत क्रियापद शेवटीच असतं. तुमचा हुरूप इथे वाढेल.

बी१ च्या परीक्षेआधी बारा तास खाजगी घ्या, पण एकटीने नाही. बॅचमधून एक जोडीदार शोधा, शक्यतो दुसरी नर्स. दोघींना मिळून शिकवायचे मी तासाला ९०० घेते, म्हणजे माणशी ४५०, बारा तासांचे ५,४००. पैसे वाचतात हा छोटा फायदा. मोठा फायदा असा की परीक्षेत जशी चर्चा करायची तशीच इथे होते, शिक्षक बाजूला बसून फक्त ऐकतो आणि लिहून घेतो. दोघींपैकी एक फार पुढे किंवा फार मागे असेल तर मात्र हे फसतं, पुढची कंटाळते. फरक दोन-तीन आठवड्यांच्या अभ्यासाएवढा असेल तर चालतो.

आतापर्यंत ४०,६००. पुस्तकं आणि सराव संच यांचे ३,००० धरा, ४३,६००. उरले १६,४००. बी२ ची बॅच साधारण २०,००० आणि त्यानंतर पुन्हा जोडीने बारा तास, ५,४००. म्हणजे २५,४०० लागणार, ९,००० कमी पडतात. पण तुम्हाला हे लगेच लागत नाहीत. आठवड्याला आठ-दहा तास अभ्यास धरला तर ए२ ला चार महिने, बी१ ला पाच, बी२ ला सहा, सुरुवातीचा एक महिना, असे सोळा महिने. महिन्याला सहाशे बाजूला टाकले तर भरून निघतात. शिवाय बी१ झाल्यावर करार मिळाला तर काही मालक बी२ चा खर्च उचलतात. त्यावर आत्ताच विसंबू नका, मिळालं तर बोनस.

"सहा महिन्यांत बी२, फुकट" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. नोकरी सोडून दिवसाला पाच-सहा तास बसणाऱ्यांचं सात-आठ महिन्यांत झालेलं मी पाहिलंय. पाळ्या सांभाळून नाही. आणि फुकटच्या मागे बहुधा बाँड असतो. तो वाचताना एकच कलम आधी शोधा: मधेच सोडलं, किंवा परीक्षा नापास झाली, तर किती रक्कम परत द्यायची. माझ्याकडे आलेल्या एकीच्या करारात ती रक्कम बाहेरच्या सगळ्या फीपेक्षा मोठी होती.

खाजगी तास कसा वापरायचा ह्यावर चार ओळी, कारण लोक तिथेच पैसे घालवतात. शिक्षक चाळीस मिनिटं मराठीतून व्याकरण समजावतोय आणि तुम्ही मान डोलावताय, असं दोनदा झालं तर शिक्षक बदला. तासाच्या आदल्या दिवशी तुमचं लेखन पाठवा. मी चुका दुरुस्त करून देत नाही, फक्त अधोरेखित करते आणि बाजूला खूण घालते: लिंग, जागा, विभक्ती. दुरुस्ती विद्यार्थ्याने करायची. पहिली दहा मिनिटं मागच्या चुका, मग वीसेक मिनिटं बोलणं, ते रेकॉर्ड होतं, मग त्यातलीच वाक्यं दुरुस्त करून पुन्हा बोलायची. एका तासाला तीनच प्रकारच्या चुका हाताळते, जास्त नाही. दहा चुका दाखवल्या की माणूस पुढच्या वेळी बोलतच नाही.

माझ्या वहीतलं एक उदाहरण देते, तुमच्यासारख्याच एका नर्सचं. तिच्या पहिल्या मेलमध्ये ८० शब्दांत १९ चुका होत्या. १९ वेगवेगळ्या नव्हत्या. ११ लिंगाच्या, त्यातही बहुतेक पाच-सहाच शब्द पुन्हापुन्हा, ५ क्रियापदाच्या जागेच्या, उरलेल्या किरकोळ. तिला दोन आठवडे फक्त ते शब्द आणि "आज", "उद्या", "नंतर" यांनी सुरू होणारी वाक्यं दिली. आठ तासांनंतर तशाच मेलमध्ये ६ चुका राहिल्या. तिची जर्मन आठ तासांत तिप्पट झाली नव्हती, नेमकं काय बिघडतंय एवढं कळलं होतं. हे ॲपला दिसत नाही, कारण ॲपला तुमचा मेल कधी मिळतच नाही. वीस जणांच्या बॅचच्या शिक्षिकेला दिसतं, पण तिला वेळ नसतो.

आणि ॲप? ठेवा. दिवसाला पंधरा मिनिटं, वॉर्डातून घरी जाताना बसमध्ये. फक्त चकत्या उचलायचा प्रकार शक्य असेल तिथे बंद करून टाईप करायचा पर्याय घ्या. नामं कार्डावर घालताना आर्टिकल आणि अनेकवचनासकट घाला. मराठीत तीन लिंगं आहेत म्हणून आपल्याला कल्पना कळते, पण जुळणी होत नाही. चमचा आपल्याकडे तो, जर्मनमध्येही डेर, ठीक. काटा आपल्याकडे तो, तिथे डी. सुरी ती, तिथे दास. जेवणाच्या टेबलावरच तीन लिंगं तीन बाजूंना तोंड करून बसलेली. तर्काने सुटत नाही, पाठच करावं लागतं, आणि पाठांतराला ॲपइतकं स्वस्त काही नाही.

स्ट्रीकचा आकडा मात्र प्रगतीचं माप म्हणून धरू नका. महिन्याच्या शेवटी तेच दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पुन्हा करा, त्याच विषयावर, आणि जुनं शेजारी लावून ऐका. शांतता कमी झाली का, आणि मागच्या वेळच्या तीन चुका पुन्हा आल्या का, एवढंच बघा. लागोपाठ दोन महिने शांतता तेवढीच असेल, तर बॅचमध्ये तुम्हाला बोलायला मिळत नाहीये, बॅच बदला. बोलणं वाढलं पण चुका जशाच्या तशा असतील, तर जोडीचे तास बी१ च्या शेवटाची वाट न बघता थोडे आधी सुरू करा, बारातले चार इकडे वळवा.

रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन काही शिकायला घेऊ नका, मी ते करून पाहिलेल्या कुणालाच जमलेलं नाही. त्या आठवड्यात फक्त ऐका: डॉइच वेलेवर हळू वाचलेल्या बातम्या असतात, एकच बातमी तीन दिवस ऐकली तरी चालेल. ह्या रविवारी सुट्टी असेल तर रेकॉर्डिंग आणि मेल उरका, आणि सोमवारी क्लासवाल्यांना फोन करताना पहिला प्रश्न फीचा नको, दुपारची बॅच आहे का हा विचारा.